जर्मन करारातला 'क्वार्टाल्सएंडं' शब्द

जर्मनीतल्या नोकरीच्या करारावर सही करण्याआधी नोटिशीचं कलम नीट वाचा. प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त 6 महिन्यांच्या परिविक्षाकाळात, सहसा 2 आठवड्यांची नोटीस पुरते. खरी मेख पुढे आहे. '3 महिने, त्सुम क्वार्टाल्सएंडं' असं लिहिलं असेल, तर नोकरी फक्त तिमाहीच्या शेवटीच संपते. राजीनामा 31 मार्चपर्यंत कंपनीच्या हाती पडला तर 30 जूनला मोकळे. 2 एप्रिलला पडला तर थेट 30 सप्टेंबर! दोन दिवसांपायी तीन महिने जातात आणि नवी कंपनी तेवढं थांबेलच असं नाही. म्हणून सहीपूर्वीच 'महिनाअखेर' करून मागा. आणि राजीनामा कागदावर, शाईच्या सहीनेच द्या. ईमेल कायद्याने चालत नाही.