चॅटवर फक्त पदाचं नाव आलंय? जेडी मागताना या चुका टाळा

‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट, ४ ते ६ वर्षं अनुभव, अर्जंट. इंटरेस्टेड असाल तर सीव्ही पाठवा.’ रिक्रूटरकडून आलेल्या अशा मेसेजवरून कामाचा काहीच पत्ता लागत नाही. याच पदावर एका कंपनीत ग्राहकांशी बोलून गरजा लिहून काढायच्या असतात, तर दुसरीकडे दिवसभर डेटावरून रिपोर्ट बनवायचे असतात. त्यामुळे पूर्ण जेडी, म्हणजे त्या जागेच्या कामाचं लेखी वर्णन, मागायलाच हवी. ती मागताना काय बिघडतं, ते बघू.

सीव्ही आधी, प्रश्न नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिक्रूटर एजन्सीचा असेल, तर तुमचा सीव्ही हातात आल्यावर तो तुम्हाला न विचारताही क्लायंट कंपनीच्या सिस्टीममध्ये टाकू शकतो. बऱ्याच कंपन्यांत जी एजन्सी सीव्ही आधी टाकते, तिच्याच नावावर तो उमेदवार काही महिने राहतो. पुढे दुसऱ्या एजन्सीने त्याच जागेसाठी, नीट जेडी देऊन विचारलं तरी तुमचं नाव ‘डुप्लिकेट’ दिसतं. कमिशनचा वाद नको म्हणून काही कंपन्या अशा उमेदवाराला सरळ बाजूला ठेवतात. तुम्हाला मात्र फक्त ‘सिलेक्शन झालं नाही’ एवढंच कळतं. म्हणून जेडी वाचून होईपर्यंत सीव्ही थांबवा, आणि पाठवाल तेव्हा ‘माझा लेखी होकार आल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका’ असं सोबत लिहा. हे लिहिण्यात उद्धटपणा काही नाही, चांगले रिक्रूटर स्वतःहून असा होकार मागतात.

‘डिटेल्स पाठवा’ एवढंच विचारणं

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘चांगली कंपनी आहे, पाच दिवस काम, कॉल करू का?’ रिक्रूटर एकाच वेळी बऱ्याच जागा भरत असतो. मोघम प्रश्नाला उत्तर टाइप करत बसायला त्याला सवड नसते. क्लायंटकडून आलेली फाइल मात्र बहुतेक वेळा त्याच्या मेलमध्ये पडलेली असते, म्हणून तीच मागा:

‘नमस्कार, मेसेजबद्दल आभार. या जागेची क्लायंटकडून आलेली मूळ जेडी फाइल पाठवाल का? जागा कंपनीच्या पेरोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टवर, तेही सांगा. वाचून उद्यापर्यंत हो की नाही ते नक्की कळवतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. फाइल पाठवली की लगेच उत्तर मिळेल, याची खात्री त्यातून त्याला मिळते. पगार, रजा, बढती याच मेसेजमध्ये कोंबलं की तो सरळ फोन लावतो आणि जेडी राहूनच जाते.

‘कंपनीचं नाव सांगता येत नाही’ म्हटल्यावर गप्प बसणं

ही अडचण खरी असू शकते. कंपनीचं नाव आधीच सांगितलं तर उमेदवार थेट तिथे अर्ज करेल, अशी एजन्सीला धास्ती असते. पण त्यासाठी जेडी अडवून ठेवायचं कारण नाही. ‘नाव काढून मजकूर पाठवा, चालेल’ म्हणा. मात्र नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायला होकार देऊ नका.

लेखी जेडी नाहीच, असं उत्तर आलं तर फोनवर दोनच गोष्टी विचारा: पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय काम करायचं आणि रिपोर्टिंग कोणाला? मिळालेली उत्तरं चॅटवर लिहून ‘असंच ना?’ म्हणून पाठवा. पुढे कोणी शब्द फिरवला, तर दाखवायला काहीतरी हाताशी राहतं.

मेसेज मित्राने पुढे ढकललेला असेल, तर त्याला विचारत बसू नका. मूळ रिक्रूटरचा नंबर घ्या. त्याच्याकडून दोन कामकाजाच्या दिवसांत काही आलं नाही तर एकदाच आठवण करा आणि विषय सोडा. जेडीच्या आधी पैसे किंवा ओळखपत्र मागितलं, तर तिथेच थांबा.

आलेली जेडी न तपासणं

कधी कधी हाताशी असलेली जुनी फाइलच पुढे ढकलली जाते. म्हणून फाइलमधलं पदाचं नाव आणि अनुभवाची वर्षं चॅटशी जुळतात का, ते आधी पाहा. मग जरा वेगळं वाटणारं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा. मूळ जाहिरात बऱ्याचदा कंपनीच्या करिअर पेजवर सापडते, आणि जागा अजून खुली आहे का तेही कळतं.

त्यानंतर कामांची यादी वाचा. समजा वरच्या जागेच्या जेडीत सात कामं आहेत. त्यातली पाच रिपोर्ट आणि डॅशबोर्डची, एक ग्राहकांशी बोलण्याचं आणि एक टेस्टिंगचं. म्हणजे नाव काहीही असो, ही जागा मुख्यतः रिपोर्टिंगची आहे. गरजा लिहिण्याचा अनुभव असलेल्या माणसाने इथे रिक्रूटरला एकच विचारावं: ‘जेडीत भर रिपोर्टिंगवर दिसतो. क्लायंटला तेच हवंय, की गरजा लिहिणारा माणूस हवाय? एकदा त्यांना विचारून सांगाल?’ उत्तर ‘रिपोर्टिंगच’ असं आलं, तर त्याच दिवशी नकार कळवा आणि आपल्याला कसलं काम हवंय ते एका ओळीत लिहून द्या.