स्क्रीनशॉटमधल्या तक्त्यावरून रोध कसा काढावा आणि चुकलेलं रीडिंग कसं ओळखावं

माझ्या भाचीने परवा रात्री ओहमच्या नियमाच्या प्रयोगाचा तक्ता मोबाइलवर पाठवला. मैत्रिणीच्या वहीचा फोटो, त्याचाही स्क्रीनशॉट. "मावशी, रोध किती येतो ते बघ ना, प्रत्येक ओळीचं उत्तर वेगळंच येतंय." प्रयोग साधाच होता: रोधाची तार, बॅटरी एलिमिनेटर, ऱ्हिओस्टॅट, ० ते ५०० मिलिअँपिअरचा अमीटर आणि व्होल्ट मोजायला डिजिटल मल्टिमीटर. तक्ता असा होता:

| विद्युतधारा (मिलिअँपिअर) | विभवांतर (व्होल्ट) |
|---|---|
| ५० | ०.२४ |
| १०० | ०.४८ |
| १५० | ०.७१ |
| २०० | ०.५९ |
| २५० | १.१९ |
| ३०० | १.४३ |

गणिताला हात लावण्याआधी स्क्रीनशॉट मोठा करून स्तंभांची शीर्षकं वाचा. धारा मिलिअँपिअरमध्ये आहे की अँपिअरमध्ये, हे तिथेच कळतं, आणि कापलेल्या चित्रात नेमकी तीच ओळ गायब असते. शीर्षक दिसत नसेल तर ज्याने तक्ता पाठवला त्याला विचारा, अंदाज करू नका. इथे चूक झाली की रोध हजारपटीने बदलतो. मग आकडे स्वतःच्या हाताने कागदावर उतरवा. पुसट फोटोत दशांशचिन्ह हरवतं, १ आणि ७, ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. उतरवताना प्रत्येक आकडा एकदा तरी नीट पाहिला जातो.

आधी फरक काढा

बहुतेक मुलं लगेच V भागिले I करत सुटतात. मी आधी शेजारच्या दोन ओळींतल्या व्होल्टचा फरक काढते. धारा दर वेळी ५० मिलिअँपिअरने वाढतेय, म्हणजे तार ओहमचा नियम पाळत असेल तर व्होल्टही दर वेळी जवळपास तेवढ्यानेच वाढायला हवेत. वरच्या तक्त्यात फरक येतात ०.२४, ०.२३, मग उणे ०.१२, मग ०.६० आणि शेवटी पुन्हा ०.२४.

दोन फरक बिघडलेत. पण त्यावरून दोन रीडिंग चुकली असं समजू नका. मधलं एकच रीडिंग खाली घसरलं की त्याच्या आधीचा फरक कमी होतो आणि नंतरचा तेवढाच वाढतो. पडताळा सोपा आहे: त्या दोन बिघडलेल्या फरकांची बेरीज करा. उणे ०.१२ अधिक ०.६० म्हणजे ०.४८, म्हणजेच दोन पायऱ्यांची नेहमीची वाढ. तेव्हा १५० आणि २५० ची रीडिंग ठीक आहेत, दोष २०० च्या ओळीत आहे.

एकच फरक बिघडला आणि पुढचे सगळे पुन्हा नेहमीसारखे आले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुधा मध्येच मीटरची रेंज बदललेली असते किंवा जोडणी हललेली असते, आणि तिथून पुढची सगळीच रीडिंग सरकलेली असतात. पहिलं किंवा शेवटचं रीडिंग चुकलं तरी एकच फरक बिघडतो, म्हणून टोकाच्या ओळीबद्दल मी जास्त सावध असते.

आता चढ

आलेखावर आडव्या अक्षावर धारा, उभ्या अक्षावर विभवांतर घेतलं तर रेषेचा चढ म्हणजेच रोध. चढ काढायला चांगली रीडिंग जितकी दूरदूरची घ्याल तितकं बरं, कारण वाचनातली लहानशी चूक मोठ्या अंतरात विरून जाते. इथे ५० आणि ३०० च्या ओळी घेऊ. विभवांतराचा फरक १.४३ वजा ०.२४, म्हणजे १.१९ व्होल्ट. धारेचा फरक २५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२५ अँपिअर. भागाकार ४.७६ ओहम.

स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर धारा A स्तंभात, विभवांतर B स्तंभात भरा आणि हे लिहा:

```
=SLOPE(B2:B7,A2:A7)*1000
```

हजाराने गुणायचं ते मिलिअँपिअरमुळे. कंसात विभवांतर आधी येतं. क्रम उलटला तर हजाराने गुणण्याआधीच उत्तर २०० च्या घरात दिसेल, कारण तेव्हा तुम्ही रोधाचा व्यस्त काढताय. सहाही ओळी घेतल्या तर चढ ४.५५ ओहम येतो. २०० ची ओळ वगळली की ४.७६. वगळताना त्या ओळीतलं विभवांतर कोरं ठेवा, तिथे शून्य भरू नका. शून्य हे शीटच्या दृष्टीने खरंखुरं रीडिंग असतं.

एवढी मोठी चूक असून उत्तर फारसं हललं नाही, कारण ती मधल्या ओळीत होती. ०.२४ ची वाढ हवी तिथे उणे ०.१२ आले, म्हणजे चूक ०.३६ व्होल्टची. हीच चूक ३०० च्या ओळीत असती, तर सहा ओळींवरचा चढ पाचपट जास्त, म्हणजे जवळजवळ एक ओहमने हलला असता. म्हणून परत घ्यायला वेळ एकाच रीडिंगसाठी असेल आणि कुठेच उघड दोष दिसत नसेल, तर टोकाचं घ्यावं.

चूक म्हणावी तरी किती फरकाला?

अमीटरचं लघुतम माप १० मिलिअँपिअर. काटा वाचताना अर्ध्या घराचा, म्हणजे ५ मिलिअँपिअरचा फरक कोणाचाही पडेल. ४.७६ ओहमच्या तारेवर तेवढ्याने सुमारे ०.०२४ व्होल्टचा फरक पडतो. तेव्हा रेषेपासून दोन-तीन शतांश व्होल्ट इकडेतिकडे असलेल्या रीडिंगवर संशय घेऊ नका. २०० मिलिअँपिअरला रेषा ०.९५ सांगते आणि तक्त्यात ०.५९ आहे. हा फरक त्या ०.०२४ च्या पंधरापट आहे.

आणि ०.९५, ०.५९ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अंक उलटे लिहिले गेलेत. उलट बाजूनेही तपासलं: ०.५९ व्होल्ट खरे मानले तर धारा १२४ मिलिअँपिअर हवी होती, आणि १२४ चे चुकून २०० लिहिले जाणं पटत नाही. तरीही भाचीला मी ०.९५ लिहून टाक असं सांगितलं नाही. ते रीडिंग पुन्हा घ्यायचं, नाही जमलं तर ओळ तशीच ठेवून शेजारी "वगळले" अशी नोंद करायची. निरीक्षण तक्त्यात न पाहिलेला आकडा लिहिणं मला मुळीच मान्य नाही.

प्रत्येक ओळीचं V/I वेगळं येण्याला आणखी एक कारण असतं, शून्य त्रुटी. धारा नसतानाही व्होल्टमीटर ०.०५ दाखवत असेल, तर पहिल्या ओळीचं V/I ५.८ येईल आणि शेवटच्या ओळीचं ४.९. गुणोत्तर असं वरून खाली सलग घटत जातं, पण फरक मात्र जसेच्या तसे राहतात, म्हणून चढ ४.७६ च राहतो. सरासरी गुणोत्तरापेक्षा मी चढावर भर देते तो यासाठीच.

तारेऐवजी टॉर्चचा बल्ब जोडला असेल तर मात्र यातलं काही लावू नका. तिथे फरक हळूहळू वाढतच जातात, कारण तापलेल्या तंतूचा रोध वाढतो. ते चुकलेलं रीडिंग नसतं, बिंदू खरोखरच वक्र रेषेवर असतात, आणि एका चढाने सांगता येईल असा एकच रोध त्या बल्बला नसतो.