वाळूतील पट्टी पाया आणि पावसाळ्यात वर येणारे भूजल : धारणक्षमता कशी तपासावी

मुंबईच्या किनारपट्टीला, विशेषतः वर्सोवा, मढ किंवा गोराई अशा भागांत, छोट्या बांधकामाचा माती परीक्षण अहवाल हाती आला की बहुतेक मालक शेवटच्या पानावरचा सुरक्षित धारणक्षमतेचा, म्हणजे जमीन किती दाब निर्धोक पेलेल याचा, आकडा पाहतात आणि अहवाल मिटवतात. त्याच अहवालात बोअर कोणत्या तारखेला घेतला आणि त्या दिवशी पाणी किती खोलीवर लागले, ही आणखी एक नोंद असते. बोअर मे महिन्यात घेतला असेल आणि धारणक्षमता त्याच दिवशीच्या पाण्यावरून काढली असेल, तर तो आकडा श्रावणात खरा राहत नाही. तो किती घसरतो हे कागद-पेन्सिलीने तपासता येते. संरचना अभियंत्याचे काम स्वतः करावे असा या लेखाचा हेतू नाही. त्याच्याशी बोलताना नेमके काय विचारावे, एवढे मात्र यातून कळेल.

आधी खाली वाळूच आहे याची खात्री करावी. मुंबईचा बराच भाग भरावाचा आहे आणि खाडीलगत भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती सापडते. तिचे गणित वेगळे असते आणि पुढील सूत्र तिला लावू नये. बोअरच्या नोंदीत पायाच्या तळापासून खाली किमान पायाच्या रुंदीच्या दुपटीइतकी सलग वाळू दिसली, तरच पुढे जावे.

पाण्याची सर्वांत वरची पातळी शोधणे

या तपासणीत सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण पुढचा सारा हिशेब याच एका मोजमापावर उभा आहे. बोअर घेताना वापरलेले पाणी आत साठलेले असते, म्हणून बोअर संपल्याबरोबर घेतलेली पातळी ग्राह्य धरू नये. किमान चोवीस तास थांबून पुन्हा मोजावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच बोअरमध्ये खालच्या भागाला भोके पाडलेला आणि त्यावर बारीक जाळी गुंडाळलेला पीव्हीसी पाइप सोडून ठेवणे, वर झाकण बसवणे आणि सप्टेंबर अखेरपर्यंत आठवड्यातून एकदा टेप सोडून पातळी लिहून ठेवणे. समुद्र जवळ असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीला आणि त्याच दिवशीच्या ओहोटीला अशी दोन मोजमापे घ्यावीत. दोन्हींत फरक पडला तर वरची पातळी धरावी.

पावसाळाभर थांबणे शक्य नसेल तर शेजारच्या गावठाणात किंवा कोळीवाड्यात जुनी विहीर आहे का, ते पाहावे. विहिरीच्या आतल्या बांधकामावर पाण्याचा डाग कुठवर चढला आहे हे उघड दिसते आणि भर पावसात पाणी काठापासून किती हात खाली असते, हे तिथली वयस्कर माणसे सहज सांगतात. अर्थात विहिरीचा काठ आणि आपला प्लॉट यांच्या उंचीतला फरक लेव्हल ट्यूबने मोजून त्या मापात दुरुस्ती करावी. सखल प्लॉटवर पाणी तुंबण्याचा इतिहास असेल, तर पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आले आहे असेच धरावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला होता, हे आठवणाऱ्या शहरात या गृहीतकाला अतिसावधपणा म्हणता येणार नाही.

पाणी वर आल्याने नेमके काय बदलते

वाळू भिजली की तिचे घर्षण जाते, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. वाळूचा अंतर्गत घर्षण कोन भिजल्याने फारसा बदलत नाही. बदलते ते कणांचे परिणामी वजन. पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक कणाला उत्प्लावक बल उचलून धरते, कण एकमेकांवर कमी जोराने दाबले जातात आणि दाब कमी झाला की त्याच घर्षण कोनातून मिळणारा विरोधही कमी होतो. पाण्याच्या वर घनमीटरला १७ किलोन्यूटन भरणारी ओलसर वाळू पूर्ण संपृक्त झाल्यावर १९.८ भरत असेल, तर त्यातून पाण्याचे ९.८ वजा जाऊन परिणामी वजन अवघे १० किलोन्यूटन उरते.

ओलसर वाळूत खोदलेला चर उभा राहतो, म्हणून तिच्यात चिकटपणा आहे असे मात्र धरू नये. जुहूच्या चौपाटीवर मुले बांधतात तो किल्ला ज्या बळावर उभा असतो, तेच हे कणांमधल्या ओलाव्याचे ओढणे. भरतीचे पाणी पोहोचले की ते नाहीसे होते.

एक उदाहरण, आकड्यांसह

तळमजला अधिक एक मजला असलेल्या घराची भारवाही भिंत घेऊ. पट्टी पायाची रुंदी B १.२ मीटर, खोली D १ मीटर आणि भिंतीकडून येणारा निव्वळ भार धावत्या मीटरला १३० किलोन्यूटन. वाळू मध्यम घट्ट असून, बोअरमध्ये हातोड्याचे ठोके मोजून घेतलेल्या एसपीटी चाचणीच्या आकड्यांवरून निघालेला घर्षण कोन थोडा खाली ओढून ३० अंश धरला आहे. या कोनासाठी भारतीय मानक ६४०३ मध्ये Nq = १८.४ आणि Nγ = २२.४ हे गुणक दिले आहेत. γ म्हणजे वाळूचे घनमीटरला वजन आणि qnu म्हणजे ज्या निव्वळ दाबाला वाळू हार मानते तो दाब. वाळूत चिकटपणा शून्य, त्यामुळे सूत्राची दोनच पदे उरतात:

qnu = γD(Nq − 1) + 0.5γBNγ

पहिले पद पायाच्या तळापासून वरच्या मातीचे. ही माती पायाच्या दोन्ही बाजूंना वजनासारखी बसून खालच्या वाळूला उसळू देत नाही. दुसरे पद तळाखालच्या वाळूचे, साधारणपणे पायाच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंतचे. पाणी या दोन पदांपैकी कुणाला गाठते, ते पाहून त्या पदातला γ बदलायचा. सगळी तपासणी एवढीच आहे.

मे महिना: पाणी ३ मीटरवर, म्हणजे D + B = २.२ मीटरच्या खाली आहे. पहिले पद १७ × १ × १७.४ = २९५.८ आणि दुसरे ०.५ × १७ × १.२ × २२.४ = २२८.५. बेरीज ५२४.३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तिला सुरक्षा गुणक ३ ने भागल्यावर सुमारे १७५.

पाणी पायाच्या तळापर्यंत आले की पहिले पद तसेच राहते आणि दुसऱ्यात १७ च्या जागी १० येतात: १३४.४. बेरीज ४३०.२, सुरक्षित १४३. घट १८ टक्के. पाणी तळापासून ०.६ मीटर खाली, म्हणजे रुंदीच्या निम्म्यावर असेल, तर १० आणि १७ यांच्या मधला १३.५ घ्यावा; उत्तर सुमारे १५९ येते.

पाणी जमिनीपर्यंत आले की दोन्ही पदांत १० येतात: १७४ अधिक १३४.४, म्हणजे ३०८.४, आणि सुरक्षित जेमतेम १०३. मे महिन्याच्या तुलनेत ही घट ४१ टक्के आहे.

आता भार पाहू. १३० ला १.२ ने भागले की पायाखालचा निव्वळ दाब १०८ येतो. मे महिन्यात प्रत्यक्ष सुरक्षा गुणक ४.८ होता, तो भर पावसात २.८५ होतो. भिंत कोसळणार नाही, पण आराखड्यात लिहिलेला ३ चा गुणक वर्षातले काही आठवडे तिथे नसतो. उपाय मात्र स्वस्त आहे: रुंदी १.२ ऐवजी १.२५ मीटर केली तर सुरक्षित धारणक्षमता १०४.७ आणि दाब १०४ होतो. कामात सोपे पडावे म्हणून १.३ मीटर करावी. पाया खोल करूनही हेच साधते, परंतु पाण्यात खोदण्यापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर रुंदी वाढवणे केव्हाही बरे.

हिशेबात आणि जागेवर कुठे चुकते

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे पाण्याखालच्या थरासाठी १० ऐवजी संपृक्त वजन १९.८ घेणे, मग पाणी वर आल्यावर धारणक्षमता वाढलेली दिसते. असे उत्तर आले की γ चुकला हे ओळखावे. दुसरी चूक गुणकांची. Nγ ची किंमत पद्धतीनुसार बरीच बदलते. त्याच ३० अंशांना मेयरहॉफ यांच्या सूत्राने ती १५.७ च्या आसपास येते. त्यामुळे अहवालात कोणती पद्धत वापरली आहे हे विचारल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये. घर्षण कोन तर पाण्याइतकाच नाजूक आहे: वरच्याच उदाहरणात तो ३० ऐवजी २८ अंश धरला तर कोरड्या स्थितीतही बेरीज ५२४ वरून ४०४ वर येते, म्हणजे पाणी तळापर्यंत येण्याने होते त्याहून जास्त घट. वाळू सैल असेल तर पाया अचानक न उसळता हळूहळू रुतत जातो आणि कोनाचा tan दोन-तृतीयांश करूनच गुणक घ्यावे लागतात.

भिंत उभी राहिल्यानंतरचा धोका गटाराचा. पावसाळ्यात पाणी काढून देण्यासाठी पायालगत अर्धा मीटर चर खणला की त्या बाजूची D निम्मी होते. पाणी जमिनीबरोबर असताना पहिले पद १७४ वरून ८७ वर येते आणि सुरक्षा गुणक २.८५ वरून २ च्या जवळ उतरतो. पाणी आणि फावडे एकाच आठवड्यात यावेत, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट.

धारणक्षमता पुरेशी आली तरी खचण्याचा हिशेब अभियंत्याकडून वेगळा मागावा. कोरड्या स्थितीसाठी काढलेले खचणे, पाणी पायाच्या तळापर्यंत येणार असेल तर दुप्पट धरण्याची रीत आहे.

खोदाई शक्यतो एप्रिल-मे मध्येच उरकावी. पाणी लागलेच तर पंप थेट पायाच्या खड्ड्यात टाकू नये. बाहेर बाजूला खोल खड्डा करून त्यातून उपसावे, म्हणजे पाणी तळातून वर उसळत येत नाही. वर येणाऱ्या प्रवाहाची चढण साधारण एकास एक झाली की वरच्या उदाहरणातल्या वाळूचे परिणामी वजन शून्यावर येते आणि ती उकळल्यासारखी दिसू लागते. तळावर बुडबुडे किंवा वाळूचे छोटे उंचवटे दिसले, अथवा १२ मिलिमीटरची सळई हाताच्या जोराने सहज आत जाऊ लागली, तर तो तळ मोकळा झाला आहे असे समजून पीसीसी, म्हणजे तळावर टाकायचे साधे काँक्रीट, थांबवावे, पाणी खाली उतरवावे आणि सैल झालेली वाळू काढून किंवा दाबून घेऊन सळई पुन्हा टोचून पाहावी.