सारख्या गोळ्या, वेगळी मुले : तारे आणि रेघांची मोजणी

दहा अगदी सारख्या गोळ्या चार मुलांमध्ये किती प्रकारे वाटता येतील? एखाद्या मुलाला एकही गोळी मिळाली नाही तरी चालेल, मात्र सर्व गोळ्या वाटून संपल्या पाहिजेत. ऑलिंपियाडची तयारी नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न देतो, तेव्हा बऱ्याच वह्यांमध्ये पहिल्या ओळीत ४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६, हे उत्तर दिसते. त्यामागचा विचार असा असतो की प्रत्येक गोळी चारपैकी कोणत्याही मुलाकडे जाऊ शकते, आणि गोळ्या दहा आहेत. हा विचार चुकीचा नाही, परंतु तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. गोळ्या एकमेकींपासून ओळखता येत असत्या, तर हेच उत्तर बरोबर ठरले असते.

चूक लक्षात आणून दिली की पुढची सूचना बहुधा अशी येते : गोळ्या सारख्या आहेत, तर १०! ने भागू या. पण १०! म्हणजे ३६,२८,८००, ही संख्या भाज्यापेक्षाच मोठी असल्याने भागाकार एकापेक्षा कमी येतो आणि वाटपांची संख्या तशी असू शकत नाही. हा भागाकार का फसतो हे समजून घेण्यासाठी मी नेहमी लहान उदाहरणाकडे वळतो. तीन गोळ्या आणि दोन मुले घेतली, तर सारख्या गोळ्यांची वाटपे चारच आहेत : (३, ०), (२, १), (१, २) आणि (०, ३). त्याच गोळ्या वेगवेगळ्या रंगांच्या असत्या, तर एकूण ८ वाटपे झाली असती, आणि त्यांपैकी (३, ०) या वाटपाच्या वाट्याला १, (२, १) च्या वाट्याला ३, (१, २) च्या वाट्याला ३ आणि (०, ३) च्या वाट्याला १ अशी ती विभागली गेली असती. भागाकाराने मोजणी दुरुस्त करता येते ती प्रत्येक गोष्ट सारख्याच वेळा मोजली गेली असेल तेव्हा. इथे कोणते वाटप एकदा, तर कोणते तीनदा मोजले गेले आहे, त्यामुळे कोणत्याही एका संख्येने भागून काम होणार नाही.

म्हणून वाटपच वेगळ्या रीतीने लिहावे लागते. दहा गोळ्यांसाठी दहा तारे एका ओळीत काढावेत आणि मुलांचे वाटे वेगळे दाखवण्यासाठी मधे उभ्या रेघा ओढाव्यात. पहिल्या रेघेच्या डावीकडचे तारे पहिल्या मुलाचे, पहिल्या व दुसऱ्या रेघेमधले दुसऱ्याचे, आणि याप्रमाणे पुढे. उदाहरणार्थ,

★★★|★★||★★★★★

या ओळीचा अर्थ पहिल्या मुलाला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला काहीच नाही आणि चौथ्याला ५ गोळ्या. मुले चार असली तरी रेघा तीनच लागतात, कारण शेवटच्या मुलाचा वाटा शेवटच्या रेघेनंतर आपोआप उरतो. दोन रेघा लागून आल्या, किंवा ओळीची सुरुवातच रेघेने झाली, तरी काही बिघडत नाही. त्या मुलाचा वाटा शून्य, एवढाच त्याचा अर्थ.

इथे विद्यार्थ्याने सूत्राकडे धाव न घेता थांबून दोन गोष्टी तपासाव्यात, असा माझा आग्रह असतो. पहिली ही की प्रत्येक वाटपासाठी अशी एक आणि एकच ओळ लिहिता येते. दुसरी ही की दहा तारे व तीन रेघा यांची कोणतीही ओळ घेतली, तरी तिच्यातून एक आणि एकच वाटप वाचता येते. या दोन्ही गोष्टी पटल्या की वाटपांची संख्या ही ओळींच्या संख्येइतकीच असते, आणि ओळी मोजणे सोपे आहे : एकूण १३ जागा, त्यांपैकी कोणत्या ३ जागांवर रेघा असतील एवढेच ठरवायचे, उरलेल्या जागांवर तारे येणारच. म्हणून उत्तर

C(१३, ३) = (१३ × १२ × ११) / ६ = २८६.

गोळ्या n आणि मुले k असतील तर हेच C(n + k − १, k − १) होते. परीक्षेच्या धावपळीत n आणि k यांची अदलाबदल सहज होते. सूत्राबद्दल शंका आली तर मूल एकच आहे असे मानून पाहावे : सर्व गोळ्या त्यालाच मिळणार, म्हणजे उत्तर १ यायला हवे. मुले दोन असतील तर पहिल्याला ० पासून n पर्यंत कितीही गोळ्या देता येतात, म्हणून उत्तर n + १ यायला हवे. ज्या सूत्रातून ही दोन उत्तरे मिळत नाहीत ते चुकीचे आहे.

आता प्रत्येक मुलाला निदान एक गोळी मिळालीच पाहिजे अशी अट घाला. आधी प्रत्येकाला एकेक गोळी देऊन टाकावी; उरलेल्या सहा गोळ्या बिनअट वाटाव्यात, म्हणजे C(९, ३) = ८४. हीच संख्या दुसऱ्या वाटेनेही मिळते. दहा तारे ओळीत ठेवले तर त्यांच्यामध्ये ९ फटी असतात. प्रत्येक वाटा रिकामा नसण्यासाठी तीन रेघा तीन वेगवेगळ्या फटींमध्येच बसवाव्या लागतात, आणि त्या फटी C(९, ३) प्रकारे निवडता येतात.

‘आधी देऊन टाकणे’ ही युक्ती इतकी सोयीची आहे की विद्यार्थी ती नको तिथेही वापरतात. ती इथे चालते, कारण गोळ्या सारख्या असल्याने कोणती गोळी आधी दिली हा प्रश्नच उद्भवत नाही. वेगवेगळ्या तीन गोळ्या दोन मुलांना, प्रत्येकाला निदान एक मिळेल अशा रीतीने वाटायच्या असतील, तर पहिल्या मुलासाठी ३, दुसऱ्यासाठी २ आणि उरलेल्या गोळीसाठी २ पर्याय धरून १२ हे उत्तर येते; खरे उत्तर मात्र ८ − २ = ६ आहे. ज्या मुलाला लाल आणि हिरवी अशा दोन गोळ्या मिळाल्या, त्याचे वाटप ‘लाल आधी, हिरवी नंतर’ आणि ‘हिरवी आधी, लाल नंतर’ असे दोनदा मोजले गेले.

या विषयाची खरी कसोटी वरच्या मर्यादेत लागते, आणि माझ्या मते नवख्या विद्यार्थ्याने सर्वांत अधिक वेळ तिथेच द्यावा. समजा, त्याच दहा गोळ्या वाटताना कोणालाही ४ पेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत. तारे आणि रेघांच्या ओळीला अशी मर्यादा थेट सांगता येत नाही. म्हणून मर्यादा मोडणारी वाटपे मोजून ती एकूण २८६ मधून वजा करावी लागतात.

पहिल्या मुलाने मर्यादा मोडली, म्हणजे त्याला निदान ५ गोळ्या मिळाल्या. त्याला ५ गोळ्या आधीच देऊन टाकू; उरलेल्या ५ गोळ्या चौघांमध्ये कशाही वाटता येतील, म्हणजे C(८, ३) = ५६ प्रकार. मर्यादा मोडणारे मूल चारपैकी कोणतेही असू शकते, म्हणून ४ × ५६ = २२४ वजा केले की ६२ उरतात. अनेक विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात. पण दोन मुलांनी एकाच वेळी मर्यादा मोडली असेल, तर ते वाटप या २२४ मध्ये दोनदा आलेले आहे आणि म्हणून दोनदा वजा झालेले आहे. दोघांना पाच-पाच गोळ्या दिल्यावर काहीच उरत नाही, त्यामुळे मुलांच्या प्रत्येक जोडीसाठी असे एकच वाटप आहे, आणि चार मुलांच्या जोड्या ६ आहेत. ती ६ वाटपे एकदा परत मिळवली पाहिजेत. तिघांनी मर्यादा मोडायला १५ गोळ्या लागल्या असत्या, म्हणून पुढे जाण्याची गरज नाही. उत्तर २८६ − २२४ + ६ = ६८.

अशा उत्तरावर एकाच मोजणीच्या भरवशावर विश्वास ठेवू नये. इथे पडताळ्याची एक सुरेख वाट आहे : मुलांना काय मिळाले ते न मोजता काय कमी पडले ते मोजावे. प्रत्येकाला जास्तीत जास्त ४, म्हणजे चौघांना मिळून १६ गोळ्या घेता आल्या असत्या. प्रत्यक्षात १० आहेत, म्हणून एकूण तूट ६ ची. प्रत्येक मुलाची तूट ० ते ४ च्या दरम्यान आहे, आणि वाटप ठरले की तूट ठरते, तूट ठरली की वाटप ठरते. ६ ची तूट चौघांत बिनअट C(९, ३) = ८४ प्रकारे विभागता येते. एखाद्याची तूट ५ किंवा अधिक झाली, तर ती ५ बाजूला काढून उरलेली १ ची तूट C(४, ३) = ४ प्रकारे विभागली जाते; चार मुलांसाठी मिळून हे १६ प्रकार. दोघांची तूट एकाच वेळी ५ होऊ शकत नाही, कारण एकूण तूटच ६ आहे. म्हणून ८४ − १६ = ६८. परत मिळवण्याची पायरीसुद्धा लागली नाही. मर्यादा आवळलेली असेल, म्हणजे गोळ्या जास्तीत जास्त मावणाऱ्या संख्येच्या जवळ असतील, तेव्हा ही उलटी मोजणी जवळजवळ नेहमीच लहान पडते.

सर्व गोळ्या वाटल्याच पाहिजेत ही अट काढून टाकली, म्हणजे दहापैकी कितीही गोळ्या शिल्लक राहिल्या तरी चालतील असे म्हटले, तर उरलेल्या गोळ्या घेणारे एक पाचवे, काल्पनिक मूल धरावे. एक रेघ वाढते आणि उत्तर C(१४, ४) = १००१ येते; शून्यापासून दहापर्यंत अकरा वेगवेगळ्या बेरजा करण्याची आवश्यकता उरत नाही.

मुलेही सारखीच मानली, म्हणजे कोणाला किती मिळाल्या हे न पाहता केवळ वाट्यांचे आकार पाहिले, तर मात्र ही पद्धत लागू पडत नाही. २८६ ला ४! ने भागल्यास पूर्णांक येत नाही, यावरूनच ते दिसते. (५, ५, ०, ०) या वाट्यांची मांडणी ६ प्रकारे होते, तर (४, ३, २, १) ची २४ प्रकारे, म्हणजे पुन्हा तीच असमान मोजणी. तिथे संख्येच्या विभाजनांची वेगळी गणना करावी लागते.

संभाव्यतेच्या प्रश्नात २८६ हा छेद म्हणून लिहिण्याआधी असाच विचार करावा. प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे, यदृच्छेने कोणत्याही मुलाला दिली जात असेल, तर सारख्या गोळ्यांची वाटपे समसंभाव्य नसतात. तीन गोळ्या आणि दोन मुलांच्या उदाहरणात चार वाटपांची संभाव्यता अनुक्रमे १/८, ३/८, ३/८ आणि १/८ आहे, प्रत्येकी १/४ नाही. अशा प्रश्नात छेद ४ चा दहावा घातच घ्यावा लागतो, आणि दहा गोळ्यांमध्ये (३, २, ०, ५) हे वाटप मिळण्याची संभाव्यता काढताना अंशात १०! / (३! २! ०! ५!) = २५२० येतात, तर (१०, ०, ०, ०) साठी केवळ १ येतो.