बिस्किटांच्या लाइन वाटताना या चुका टाळा: दुकाने सारखी, पण काम सारखे नाही

सांगलीतल्या एका बिस्किट वितरकाकडे मी सुपरवायझर होतो, तेव्हाची ही लाइनींची, म्हणजे कोणत्या सेल्समनने कोणत्या दुकानांत फिरायचे याची, वाटणी आहे. दुकाने 720, सेल्समन तीन. सरळ हिशेब केला : प्रत्येकाला 240 दुकाने, आठवड्याचे सहा दिवस, रोजची 40. एकाला सांगली शहर, दुसऱ्याला मिरज-कुपवाड, तिसऱ्याला तासगाव-कवठेमहांकाळ आणि मधली गावे. कोणाला एक दुकान जास्त नाही की कमी नाही. शेठ खूश झाले, मीही खूश झालो. दोनच महिन्यांत तासगाव लाइनचा पोरगा म्हणाला, "साहेब, मला शहरात द्या, नाहीतर मी निघतो."

आधी मला वाटले, पोरगा काम टाळतोय. म्हणून ऑर्डर ॲपमधल्या त्याच्या नोंदी काढून बसलो. सकाळपासून दर दहा-बारा मिनिटांनी एक ऑर्डर, अगदी व्यवस्थित. मग संध्याकाळी साडेपाचनंतर सहा-सात मिनिटांत दहा ऑर्डरी, त्याही एकाच जागेवरून टाकलेल्या. म्हणजे शेवटची दहा दुकाने तो फोनवर करत होता. एखाद-दुसरा दिवस असे झाले तर समजू शकतो, पण रोज तेच दिसत असेल तर माणसात नव्हे, लाइनीत खोट आहे. तुमच्याकडे ॲप नसेल तर बिलबुकातली दुकानांची नावे बघा. लाइनीच्या शेवटच्या टोकाची दुकाने आठवड्याआड गायब होत असतील, तर तोच प्रकार आहे.

दुकाने मोजू नका, मिनिटे मोजा

मग मी तिन्ही लाइनींवर दोन-दोन दिवस स्वतः गाडीवर मागे बसून फिरलो. दुकानात ऑर्डर घेणे, रॅकवरचा माल पुढे ओढणे, जुन्या बिलाचे पैसे मागणे, या सगळ्याला साधारण सात मिनिटे लागतात, शहर असो वा खेडे. फरक पडतो तो मधल्या अंतराने. शहरात पुढचे दुकान दोन मिनिटांवर, म्हणजे एका दुकानाला नऊ मिनिटे, चाळीस दुकानांना 360. तासगावकडे दोन दुकानांमध्ये सरासरी तीन मिनिटे, म्हणजे दहाच्या हिशेबाने 400, आणि गोडाऊनवरून जाण्या-येण्याचे 120 वेगळे. एकूण 520. सकाळचा हिशेब, जेवण आणि चहा वगळले तर सेल्समनच्या हातात दिवसाला 420 मिनिटे उरतात. पोरगा रोज शंभर मिनिटे कमी पडत होता, म्हणजे बरोबर दहा दुकाने. ॲपमधल्या नोंदी खरेच बोलत होत्या.

उलट बाजूने हिशेब केला की वाटणी आपोआप दिसते. त्याला रोज 30 दुकाने झेपतात, आठवड्याला 180. म्हणजे 60 दुकाने त्याच्याकडून काढायची. शहरवाल्यांकडे रोज तासभर मोकळा होता, त्यामुळे तासगाव रस्त्यावरची माधवनगर-बुधगावची 30 दुकाने सांगलीवाल्याकडे आणि मालगाव-तानंगची 30 मिरजवाल्याकडे दिली. त्यांची रोजची दुकाने 45 झाली, म्हणजे 405 मिनिटे. गावाबाहेर जायच्या दिवशी वरची पंधरा मिनिटे त्या फेरीला पुरली. ही मिनिटे मी मार्चमध्ये मोजली होती. पावसाळ्यात खेड्यांचे रस्ते जास्त वेळ खातात, म्हणून जुलैमध्ये पुन्हा एक दिवस फिरून बघावे.

इथे एक मोठी चूक होता होता राहिली. काढलेली 60 दुकाने जवळची आणि रस्त्यावरची, म्हणजेच चांगला धंदा देणारी. दुकाने काढली आणि टार्गेट जुनेच ठेवले असते, तर त्या पोराचा इन्सेन्टिव्ह मीच खाल्ला असता. म्हणून टार्गेट माणसाला चिकटवू नका, दुकानाला चिकटवा. प्रत्येक दुकानाची मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा. दुकान ज्याच्याकडे जाईल, तो आकडा त्याच्याबरोबर जाईल. सरासरी कर वगळून काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याच्या आधीची आणि नंतरची बिले करासकट जोडली, तर माल तेवढाच जाऊनही विक्री घटल्यासारखी दिसते. पेट्रोलचा भत्ताही किलोमीटरवर द्या. सगळ्यांना एकच रक्कम दिली की लांबच्या लाइनवाला खिशातून भरतो, आणि मग तो लांबच्या गावी जायचे टाळतो.

होलसेलवाला कोणाच्या लाइनीत आहे ते बघा

मिनिटे बरोबर झाली, तरी तासगाववाल्याची विक्री म्हणावी तशी हलेना. एका गावात त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "माल आहे हो भाऊ, पुढच्या वेळी बघू." आमचे त्याच्याकडचे शेवटचे बिल दोन महिन्यांपूर्वीचे होते. मी रॅकवरचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा उलटा करून पॅकिंगची तारीख वाचली. तीन आठवड्यांपूर्वीची. माल आमचाच होता, फक्त आमच्या बिलावर आलेला नव्हता.

दुकानदार सांगलीला बाजाराला आला की गणपती पेठेतल्या होलसेलवाल्याकडून साखर-तेलाबरोबर बिस्किटांचे बॉक्सही टेम्पोत टाकून न्यायचा. होलसेलवाल्याला आम्ही जास्त मालावर स्कीम देत होतो, त्यातले थोडे तो पुढे सोडायचा. सांगलीवाल्या सेल्समनच्या महिन्याच्या नऊ लाखांतले पाच लाख असल्या चार होलसेलवाल्यांचे होते. म्हणजे तासगावच्या दुकानात खपलेल्या मालाचा इन्सेन्टिव्ह सांगलीवाल्याला मिळत होता. त्यात त्याचा दोष नव्हता, आमच्या वाटणीचा होता.

आम्ही ते चार होलसेलवाले तिन्ही लाइनींतून काढून थेट शेठच्या खात्यावर घेतले. सेल्समनचा इन्सेन्टिव्ह फक्त किरकोळ दुकानांवर ठेवला. सांगलीवाला आठवडाभर रुसला, आणि ते बरोबरही होते, कारण त्याचे खरेच पैसे कमी होणार होते. त्याला नवीन 30 दुकाने मिळाली होती, शिवाय पहिले तीन महिने आम्ही फरकाचा अर्धा भाग भरून दिला. हे न करता होलसेल काढून घेतले, तर चांगला माणूस समोरच्या वितरकाकडे जातो. होलसेलमधून माल खेड्यात जाणे मात्र यानेही पूर्ण थांबत नाही. स्कीमचा दर आवरला तरच ते कमी होते.

उधारी हातात न देता दुकान देऊ नका

माधवनगरला नवा सेल्समन पहिल्यांदा गेला, तेव्हा तीन दुकानदारांनी त्याला एकच वाक्य ऐकवले : "आधीच्याने डॅमेज परत न्यायचे कबूल केलेय, ते आधी करा, मग पैसे." खरे-खोटे कोणालाच ठरवता येईना. तेव्हापासून दुकान बदलायचे असेल, तर जुना आणि नवा दोघे एकदा बरोबर जातात आणि दुकानदारासमोर तीन गोष्टी लिहून त्याची सही घेतात : बाकी किती, कुठल्या स्कीमचे देणे राहिले, मऊ पडलेले किंवा फुटलेले पुडे किती. जुनी बिले जुन्यानेच वसूल करायची, पण दोन आठवड्यांच्या आत. त्यानंतर राहील ते शेठकडे. बदल महिन्याच्या पहिल्या तारखेलाच करायचा, आणि दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत तर अजिबात नाही. तेव्हा उधारी सगळ्यात जास्त अडकलेली असते.

तासगावचा पोरगा राहिला. तीन महिन्यांनी मी पुन्हा ॲपमधल्या वेळा काढल्या. त्याची शेवटची ऑर्डर पावणेसहाची होती, आणि ती कवठेमहांकाळच्या पुढच्या एका दुकानात उभे राहूनच टाकलेली होती.