कोट कापताना वाक्याची शेपूट बघा: टिंबं, चौकोनी कंस आणि मुलाखतींवर थीसिस लिहिणाऱ्यांसाठी थोडं

एमए किंवा पीएचडीला मुलाखती घेऊन काम करताय, आता चॅप्टर लिहायला बसलाय आणि समोर वीस पानांचं ट्रान्स्क्रिप्ट आहे, त्यातून चार ओळी उचलायच्यात, त्यांच्यासाठी हे. अवतरणचिन्हं कशी द्यायची, संदर्भ कसा लिहायचा हे तुम्हाला माहीत असणारच. मला बोलायचंय ते मधल्या तीन टिंबांबद्दल आणि चौकोनी कंसाबद्दल, कारण पुण्यात सेमिनारला बसलं की दर दुसऱ्या पेपरात ही दोन चिन्हं वाटेल तशी टाकलेली दिसतात आणि कोणी काही बोलत नाही.

नियम थोडक्यात. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं, आपला शब्द घातला किंवा बदलला तर तो चौकोनी कंसात. गोल कंस नको, कारण गोल कंस मूळ लेखकाचा पण असू शकतो. मुलाखत असेल तर गाळल्याची टिंबं सुद्धा कंसात घाला, म्हणजे [...] अशी, कारण माणूस बोलता बोलता थांबला की आपण ट्रान्स्क्रिप्टमध्ये टिंबंच देतो, मग वाचणाऱ्याला कळणार कसं की इथे मावशी थांबल्या की तुम्ही कात्री चालवली. मूळ मजकुरातच टिंबं असतील तर आपली कंसात घाला असं एमएलए स्टाइलशीटवाले पण सांगतात. झालं, एवढंच तंत्र आहे, पंधरा मिनिटांत येतं.

खरी गोची पुढे आहे, आणि ती इंग्लिश स्टाइलशीट वाचून कळत नाही. मी या एका गोष्टीवर इतकी घुटमळले की आता कोणाचाही चॅप्टर हातात आला की आधी तेच शोधते.

मराठी वाक्यात निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, 'नाही' शेवटी, आणि 'असं म्हणतात', 'असं वाटायचं', 'असं ते सांगत होते' हे पण शेवटी. माणूस आधी दुसऱ्याचं म्हणणं अख्खं मांडतो आणि मग ते कोणाचं आहे ते सांगतो. इंग्लिशमध्ये 'ते म्हणाले की' बहुतेक वेळा आधी येतं, त्यामुळे मागून कापलं तरी कोण बोलतंय ते राहतं. आपल्याकडे मागून कापलं की बोलणाराच बदलतो.

उदाहरण घेऊ, हे मी बनवलेलं आहे, कोणाच्या थीसिसमधलं नाही. समजा मंडईतल्या भाजीवाल्यांना नवीन जागेत हलवलंय, तुम्ही त्यावर काम करताय आणि एक मावशी म्हणतात:

"नवीन जागेत गाळे मोठे आहेत, पाणी आहे, गिऱ्हाईक पण येतं असं त्या मीटिंगमध्ये सांगत होते, आम्ही गेलो तर काय, सकाळी धड सावली पण नाही, पण एक आहे, हप्ता मागायला कोणी येत नाही."

आता कोणी याचं असं केलं: मावशींच्या मते "नवीन जागेत गाळे मोठे आहेत, पाणी आहे, गिऱ्हाईक पण येतं". यात एकही शब्द बदललेला नाही, एकही टिंब चुकलेलं नाही, आणि तरी हे सरळ सरळ खोटं आहे, कारण हे मावशींचं मत नाहीच, मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं त्या परत सांगतायत, आणि तेही टोमणा मारत. 'असं' हा एक शब्द गेला आणि तक्रारीचं प्रशस्तिपत्रक झालं. शिकागो पद्धतीत कोटाच्या शेवटी साधारणपणे टिंबं देत नाहीत, एमएलएमध्ये कापलेला तुकडा पूर्ण वाक्यासारखा दिसत असेल तर द्यायला सांगतात. माझं मत असं की मराठीत वाक्य मधे तोडलं असेल तर शेवटी [...] द्याच. पण टिंबं दिली म्हणजे पाप धुतलं गेलं असं समजू नका, वर शेवटी टिंबं टाकून बघा, कोट तेवढाच खोटा राहतो.

उलट्या बाजूने पण होतं. ज्याला स्थलांतर वाईटच झालं हे दाखवायचंय तो लिहितो: "आम्ही गेलो तर काय, सकाळी [...] सावली पण नाही". इथे गाळलाय एकच शब्द, 'धड'. धड सावली नाही म्हणजे थोडीफार आहे, पुरत नाही. 'धड' काढला की सावली पूर्णच गेली. आणि हप्त्याचं वाक्य तर आलंच नाही, कारण ते सिद्धांतात बसत नाही. जागेच्या टंचाईमुळे 'धड', 'तसं', 'कधीकधी', 'निदान' असले शब्द पहिले उडवले जातात, बोलताना फालतू वाटतात म्हणून, पण माणूस किती खात्रीने बोलतोय ते त्याच शब्दांत असतं. गाळायचंच तर इथे मी 'गिऱ्हाईक पण येतं' एवढं गाळीन, कारण गाळे आणि पाणी आलं की काय काय आश्वासनं दिली त्याचा अंदाज येतो (अर्थात तुमचा चॅप्टर गिऱ्हाइकांबद्दलच असेल तर तेही नाही).

आता कंस. टिंबांना निदान लोक घाबरतात, कंसाला कोणी घाबरत नाही, कारण कंस म्हणजे वाचकाला मदत असं आपल्याला शिकवलेलं असतं. परत तेच वाक्य: "असं त्या मीटिंगमध्ये सांगत होते". कोण सांगत होते? मावशींनी कर्ताच दिलेला नाही. आपण बोलताना कर्ता सर्रास गाळतो, समोरच्याला कळतं म्हणून. वर 'सांगत होते' हे अनेकजण पण असू शकतात आणि आदराने एकच माणूस पण. तुम्ही लिहिलंत "असं [अधिकारी] त्या मीटिंगमध्ये सांगत होते", वाक्य छान वाचता यायला लागलं, आणि समजा दोन पानं मागे गेलात तर मावशी युनियनच्या साहेबांबद्दल बोलत होत्या. म्हणजे तुम्ही मावशींच्या तोंडून अधिकाऱ्यांवर आरोप केलात जो त्यांनी केलाच नाही, आणि उद्या कोणी तो छापील कोट घेऊन मावशींकडे गेलं तर उत्तर त्यांनी द्यायचं, तुम्ही नाही. 'आपण' आणि 'आम्ही' च्या जागी कंसात [बाजारातले सगळे विक्रेते] वगैरे टाकतात तिथेही हेच, 'आम्ही' म्हणजे बायका, आमची रांग, आमची जात की आमचं घर, हे त्या माणसालाच विचारायला लागतं.

म्हणून मी हे असं करते. कर्ता भरायचा असेल तर त्याच ट्रान्स्क्रिप्टमध्ये तो शब्द मागे कुठे आलाय ती ओळ शोधायची. सापडली तर कंस भरायचा आणि ओळीचा नंबर मार्जिनला लिहून ठेवायचा. नाही सापडली तर कंस मोकळा ठेवायचा आणि बाहेर, आपल्या वाक्यात सांगायचं की इथे कोण ते स्पष्ट होत नाही. याने चॅप्टर खराब दिसत नाही, उलट परीक्षकाला कळतं की बाईने ट्रान्स्क्रिप्ट वाचलंय. आणि एका कोटात तीनपेक्षा जास्त कंस व्हायला लागले की कोट सोडून द्या, अवतरणचिन्हं काढा, आपल्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या. त्यात काही कमीपणा नाही.

बोलीबद्दल एक, माझा राग आहे म्हणून. कोणी 'व्हतं' म्हणालं तर 'व्हतं' लिहा. गुपचूप 'होतं' करू नका, आणि शेजारी [मूळ लेखनाप्रमाणे] लिहून त्या माणसाला नापास पण करू नका. ती खूण छापील चूक तशीच ठेवलीय हे सांगायला असते, बोली ही चूक नाही. जुन्या मजकुराचं वेगळं, तिथे 'नाहीं', 'तें' असे अनुस्वार येतात, 1962 च्या नियमांनंतर ते गेले. ते तसेच ठेवा किंवा आजच्या पद्धतीने लिहिलंय असं एका फूटनोटमध्ये एकदाच सांगा, पानोपानी कंस नकोत.

जुन्या मजकुरावरून आठवलं, मुलाखती नसल्या तरी हा प्रकार सुटत नाही. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मधल्या (1883 चं लेखन) ओळी सगळ्यांना पाठ असतात, आजच्या लेखनात: "विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले." आता हे कोणी "विद्येविना मती गेली [...] इतके अनर्थ एका अविद्येने केले" असं दिलं तर चिन्हांच्या हिशोबाने बरोबर आहे. पण गेलं काय? 'शूद्र' गेला. कोणाचं वाटोळं झालं हेच गेलं, आणि शिल्लक राहिलं ते कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला चालेल असं शिक्षणाचं सुभाषित. मग हे नेहमीच चूक का? नाही. तुम्ही फक्त ओळींची साखळी कशी गुंफलीय ते दाखवत असाल तर चालेल. पण फुले शिक्षणाबद्दल काय म्हणतात असा दावा करून हा कोट दिला तर तो विपर्यास. कात्री तीच असते, तुम्ही त्या कोटावर दावा कुठला उभा करताय त्याने फरक पडतो. तपासायला सोपं आहे: गाळलेलं परत घाला आणि तुमचं पुढचं वाक्य वाचा. ते तरीही उभं राहत असेल तर गाळणं ठीक. लटपटत असेल तर ते टिंबांच्या जोरावर उभं होतं. मुद्दाम केलं की घाईत झालं याने वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही.

आणि ती शॉर्टकटवाली मंडळी. दुसऱ्याच्या थीसिसमधून कोट उचलू नका, त्याने आधीच कुठे कापलंय ते तुम्हाला दिसत नाही, मग तुम्ही कापलेल्याला कापता. जयकर ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तक काढायला अर्धा दिवस जातो, जाऊ दे. 'कोट मोठं झालंय, कापा' एवढंच म्हणणारे गाइड असतात, काय कापू ते विचारा, बऱ्याचदा त्यांनी ते वाचलेलंच नसतं. सिमिलॅरिटीचा टक्का वाढेल म्हणून कोट तोडणारे पण भेटतात, त्याची गरज नाही, यूजीसीच्या 2018 च्या नियमांत रीतसर संदर्भ दिलेला उद्धृत मजकूर तपासणीतून वगळायचा असतो, रिपोर्ट काढणाऱ्याला अवतरणं वगळायची सेटिंग लावायला सांगा.

घाबरून सगळेच कोट अर्धा अर्धा पान देऊ नका मात्र. बहुतेक कोट कापता येतात, मी पण कापते. ज्यावर अख्खा चॅप्टर उभा आहे असे चार-पाचच असतात, त्यांचं पूर्ण उत्तर, आपला प्रश्न धरून, परिशिष्टात नंबर देऊन टाका आणि कोटाखाली तो नंबर लिहा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक बरोबर त्यातलाच एक उघडतात.