संदर्भ छायाचित्र दिले तरी चेहरा का बदलतो, आणि तो कसा टिकवावा

सोलापुरात चादरींचे दुकान असलेल्या माझ्या मामांना नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी स्वतःची सहा चित्रे हवी होती: एकात सिद्धेश्वर तलावाकाठी, एकात भुईकोट किल्ल्यासमोर, एकात खांद्यावर चादर टाकून. त्यांच्या संमतीने दुकानासमोर उभे राहून काढलेले एक छायाचित्र मी शब्दांवरून चित्र बनवणाऱ्या डिफ्यूजन मॉडेलला संदर्भ म्हणून दिले. सहाही चित्रांतले गृहस्थ मामांचे चुलतभाऊ शोभले असते, पण मामा एकातही नव्हते. मी स्टेबल डिफ्यूजन १.५ हे मॉडेल आणि संदर्भ छायाचित्र वापरता यावे म्हणून त्याला जोडायचा आयपी-अ‍ॅडॉप्टरचा चेहऱ्यासाठीचा प्रकार वापरला होता, म्हणून पुढील आकडे त्या जोडीचे आहेत.

आधी एक समजूत दूर करावी लागते. मॉडेल आपले छायाचित्र समोर ठेवून त्यावरून चेहरा गिरवत नाही. छायाचित्र प्रथम क्लिप नावाच्या प्रतिमा-वाचकाकडे जाते, तो त्याचे आकड्यांत वर्णन करतो, आणि त्या वर्णनाचे १६ संच होऊन ते आपण लिहिलेल्या शब्दांच्या जोडीने चित्राला दिशा देतात. चित्राची सुरुवात मात्र यादृच्छिक गोंगाटातून, म्हणजे अस्ताव्यस्त ठिपक्यांतून, होते. वर्णनात बसणारे चेहरे अनेक असतात. त्यांतला कोणता हाती लागेल हे बऱ्याच अंशी त्या गोंगाटावर ठरते. त्यातच ‘पन्नाशीचा दुकानदार, पांढरा सदरा, टोपी’ असे शब्द दिले, की ते चेहऱ्याला मॉडेलने पाहिलेल्या सरासरी दुकानदाराकडे ओढतात.

पहिली पायरी: चेहरा कापून घ्यावा. माझी खरी चूक येथे होती. क्लिप कोणतेही छायाचित्र त्याची लहान बाजू २२४ पिक्सेल होईपर्यंत आकसते आणि मधला चौकोन ठेवते. मामांचे उभे छायाचित्र ३००० बाय ४००० पिक्सेलचे होते आणि त्यातला चेहरा साधारण ३०० पिक्सेल रुंद होता. आकसल्यावर तो जेमतेम २२ पिक्सेल उरला. शिवाय मूळ छायाचित्राचे वरचे सुमारे ५०० पिक्सेल चौकोनाबाहेर गेले, म्हणजे मामांची टोपी तर गेलीच, कपाळही निम्मे कापले गेले. क्लिप प्रतिमा १४ पिक्सेलच्या चौकटींनी वाचत असल्याने चेहऱ्याच्या रुंदीला दीडच चौकट आली. म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा, भोवती थोडी जागा सोडून, चौकोनी कापावा. प्रकाश समोरून पडलेला असावा आणि चेहऱ्यावर सावली नसावी.

दुसरी पायरी: जोर ठरवावा. संदर्भाचे वजन ०.४ ठेवले तेव्हा अनोळखी माणूस आला. १ ठेवले तेव्हा चेहरा जुळला, पण प्रत्येक चित्रात संदर्भातलेच स्मित आणि मानेचा तोच कोन येऊन बसला. ०.६५ च्या आसपास तडजोड साधली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा बीज-आकडा कायम ठेवावा, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

```
pipe.set_ip_adapter_scale(0.65)
generator = torch.Generator("cpu").manual_seed(41)
```

शब्दांतही काटकसर करावी: जागा, कपडे आणि प्रकाश लिहावा, चेहऱ्याचे वर्णन संदर्भावर सोडावे.

तिसरी पायरी: लहान चेहरा वेगळा रंगवावा. बाहेर पडतानाही चेहऱ्याला एका अरुंद दारातून जावे लागते. हे मॉडेल ५१२ पिक्सेलचे चित्र प्रत्यक्षात ६४ बाय ६४ घरांच्या जाळीवर घडवते. एका घराच्या वाट्याला ८ बाय ८ पिक्सेल येतात. किल्ल्यासमोर पूर्ण उभ्या मामांचा चेहरा ६४ पिक्सेलचा होता, म्हणजे डोळे, नाक, मिशी हे सारे आठ बाय आठ घरांत. तेथे ओळख टिकत नाही. अशा वेळी चित्रातला चेहऱ्याचा भाग कापून ५१२ पिक्सेलपर्यंत मोठा करावा, तोच संदर्भ देऊन सुमारे ०.४ इतक्या बदल-मात्रेने पुन्हा रंगवावा आणि लहान करून जागेवर बसवावा. मात्रा फार वाढवली, तर मानेचा आणि चेहऱ्याचा उजेड जुळत नाही.

चौथी पायरी: मूळ छायाचित्र सोडू नये. एक चित्र चांगले जमले की तेच पुढच्यासाठी संदर्भ म्हणून वापरण्याचा मोह होतो. मी तसे तीनदा केले आणि तिसऱ्या चित्रात मामांचा रुंद जबडा निमुळता झाला होता, कारण प्रत्येक फेरीतली चूक पुढच्या फेरीला खरा चेहरा म्हणून मिळत गेली.

तपासणी केवळ डोळ्यांवर सोडू नये. सहा चित्रे पाहून झाल्यावर आपल्यालाच नवा चेहरा ओळखीचा वाटू लागतो. आर्कफेस हे चेहरा ओळखणारे मॉडेल चेहऱ्याचे ५१२ आकडे काढते आणि दोन चेहऱ्यांच्या आकड्यांतले साम्य मोजता येते. आधी मामांच्याच दोन खऱ्या छायाचित्रांतले साम्य मोजावे आणि त्याच्याशी चित्रांचे गुण ताडावेत. बाहेरून ऐकलेली मर्यादा उपयोगाची नसते. हे मॉडेल प्रकाश व हावभाव यांतल्या फरकांकडे दुर्लक्ष करायला शिकलेले असल्याने तीळ किंवा व्रण हरवला तरी गुण चांगले येऊ शकतात. मामांच्या डाव्या गालावरचा तीळ एका चित्रात उजव्या गालावर गेला होता, गुण उत्तम होते, आणि चूक पकडली ती मामींनी. तो तीळ शेवटी मी हातानेच रंगवला.